टॅरोच्या पत्त्यांतले आईबाप

टॅरोच्या 78 पत्त्यांपैकी 22 पत्ते ‘मेजर आर्काना’ म्हणजे मुख्य पत्ते मानले जातात. त्यांत तिसरी सम्राज्ञी आणि चौथा सम्राट. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते खेळासाठी तयार झाले, तेव्हा हे दोघे केवळ राजसत्तेचे प्रतिनिधी होते. त्यांच्याकडे आईबाप म्हणून पाहण्याची पद्धत पुष्कळ नंतरची आहे. विसाव्या शतकात युंगच्या मानसशास्त्राचा प्रभाव वाढला, त्यासोबत ती रुजली. करिअरवरून घरात ओढाताण चालू असताना कोणी पत्ते पाहायला आले, की आज टॅरो वाचणाऱ्यांचे लक्ष आधी या जोडीकडे जाते.

सर्वाधिक वापरात असलेला संच 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यातला सम्राट दगडी सिंहासनावर बसलेला आहे, सिंहासनावर मेंढ्यांची डोकी कोरलेली आहेत आणि मागे उघडेबोडके डोंगर आहेत. त्याच्या लाल वस्त्राखालून चिलखत डोकावते. घरातच बसलेला असूनही हा माणूस लढाईच्या तयारीत आहे, आणि बापाच्या भूमिकेत त्याला वाचताना हा तपशील सर्वांत उपयोगी पडतो. पोराने पक्की नोकरी धरावी या हट्टामागे पुष्कळदा स्वतः काढलेल्या हलाखीच्या दिवसांची भीती असते. सम्राज्ञी मात्र गाद्यागिरद्यांवर रेलून बसली आहे. तिच्यापुढे पिकलेला गहू, मागे झाडी आणि वाहते पाणी. तिच्या दबावाला दबाव म्हणणेच जड जाते, कारण तो मायेतून येतो. ती ओरडत नाही, डबा भरून देते, फी भरते आणि जीव तुटतो म्हणून सांगते.

पत्ता कुठे पडला यावर अर्थ ठरतो. वेट यांनीच प्रसिद्ध केलेल्या दहा पत्त्यांच्या ‘केल्टिक क्रॉस’ मांडणीत दुसरे स्थान आड येणाऱ्या गोष्टीचे, आठवे घरच्या आणि भोवतालच्या माणसांचे, नववे प्रश्नकर्त्याच्या स्वतःच्या आशा आणि भीतींचे असते. आठव्या स्थानावरचा सम्राट म्हणजे खरोखर घरात बसून हुकूम सोडणारे कोणीतरी. तोच नवव्यावर आला तर बाप काही बोलतही नसेल. त्याचा आवाज मुलाच्या डोक्यात जाऊन बसलेला आहे, असे वाचले जाते.

समजा, बावीस वर्षांच्या एका मुलीची सीएची आर्टिकलशिप चालू आहे आणि तिला ती सोडून अॅनिमेशनकडे जायचे आहे. वडील ऐकत नाहीत, ही तिची तक्रार. पहिल्या स्थानावर अष्ट पेंटॅकल येते. बाकावर बसून एकेक नाणे घडवणारा कारागीर त्यावर आहे, म्हणजे तिची ओढ निव्वळ हौस नसून शिकण्याची तयारीही दिसते. आठव्यावर सम्राट येतो. तो अपेक्षितच होता. पण आड आलेला दुसरा पत्ता सम्राज्ञीचा निघतो. इथे चांगला वाचक वडिलांना सोडून आईबद्दल विचारतो. मग कळते की वडिलांशी भांडायला मुलगी कधीच घाबरली नव्हती. ‘आई काळजीने आजारी पडेल’ म्हणून तिने विषय वर्षभर टाळला होता. नवव्यावर चतुर्थ पेंटॅकल पडतो, नाणे उराशी कवटाळून बसलेला माणूस. पैशांची भीती वडिलांइतकीच तिलाही आहे.

सम्राट म्हणजे बाप आणि सम्राज्ञी म्हणजे आई, असे डोळे झाकून लावल्याने मोठी चूक होते. हिशेब, शिस्त आणि पक्क्या पगाराचा आग्रह धरणारी आई या पद्धतीत सम्राटच ठरते, आणि लेकराला घराबाहेर धाडायला मन न होणारा बाप सम्राज्ञी. उलट्या पत्त्यांचेही तसेच. उलटा सम्राट म्हणजे जुलमी बाप असे हल्ली सर्रास सांगतात, पण खुद्द वेट यांनी उलट्या सम्राटाच्या अर्थांत परोपकार आणि करुणा दिली आहे, शिवाय अडथळा आणि अपरिपक्वताही. म्हणजे एकच पत्ता मऊ पडलेल्या बापाकडेही बोट दाखवू शकतो. कोणता अर्थ लागतो हे प्रश्नकर्त्याच्या उत्तरावरून ठरवावे लागते. तिला नेमका प्रसंग आठवला तर वाचन जुळले, नुसतीच मान डोलावली तर बहुधा नाही.

वडील परवानगी देतील का, अॅनिमेशनमध्ये पगार किती मिळेल, हे पत्ते सांगू शकत नाहीत. ते भविष्य वर्तवतात याला शास्त्रीय आधार नाही. घरी नसलेल्या माणसाच्या मनातले सांगण्याचा दावा तर वाचकाने करूच नये, कारण त्या टेबलावर आईबाप नसतात, त्यांच्याविषयीचे मुलीचे चित्र असते. पगाराची चौकशी स्टुडिओत काम करणाऱ्यांकडे आणि आर्टिकलशिप सोडण्याचे नियम सीए संस्थेकडेच विचारावे लागतात. या मांडणीतून तिच्या हाती लागते ते एवढेच, की बोलणे आधी आईशी व्हायला हवे आणि पैशांचा हिशेब कागदावर मांडूनच वडिलांसमोर जायला हवे.