थेंबे थेंबे उंची साचे

मुलाची उंची वाढत नाही अशी तक्रार घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे गेलं, की तो मुलाइतकंच आईवडिलांकडेही निरखून बघतो. दोघांची उंची मोजतो, बेरीज करतो, मुलगा असेल तर तीत १३ सेंटिमीटर मिळवतो, मुलगी असेल तर १३ वजा करतो आणि जे येईल ते निम्मं करतो. वडील १७२ सेंटिमीटर आणि आई १५७, तर मुलाचा आकडा येतो १७१ आणि मुलीचा १५८. हे १३ म्हणजे पुरुष आणि स्त्रिया यांच्या सरासरी उंचीतला ढोबळ फरक. एवढ्या साध्या बेरजेवर डॉक्टर विसंबतात, कारण उंची हा माणसाच्या सर्वाधिक आनुवंशिक गुणांपैकी एक आहे. आणि तरीही त्या आकड्याच्या वरखाली ते आठ-साडेआठ सेंटिमीटरची मोकळीक ठेवतात, कारण सख्खे भाऊसुद्धा एकाच उंचीचे निघत नाहीत. हिशेब बरा जमतो पण नेमका जमत नाही, या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे.

ही बेरीज-भागाकाराची रीत जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाने १८८६ साली २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीची नोंद मांडली. बायकांच्या उंचीला १.०८ ने गुणून त्याने ती पुरुषांच्या मापात आणली आणि आईबापांची सरासरी काढली. उंच जोडप्यांची मुलं उंच होती, पण आईबापांइतकी नाही. सरासरीपासून आईबाप जितके दूर, त्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर मुलं थांबत होती. बुटक्यांच्या घरीही तेच, फक्त उलट दिशेने. शिवाय सगळ्यांच्या उंच्या एका कागदावर मांडल्या, की मधे गर्दी आणि दोन्ही टोकांना विरळ होत जाणारा एकसंध उंचवटा दिसत होता. कुठे खाच नाही, फट नाही.

पुढे १९०० साली मेंडेलचं विस्मृतीत गेलेलं काम पुन्हा उजेडात आलं आणि पंचाईत झाली. मेंडेलच्या वाटाण्यात उंच झाड पुरुषभर, ठेंगणं जेमतेम गुडघाभर, आणि मधलं काही नाही. त्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत तीन उंचांमागे एक ठेंगणं, असा चोख हिशेब. माणसांत असे दोन ढीग कुठे पडतात? गाल्टनचा वारसा चालवणारा कार्ल पिअर्सन आणि मेंडेलचा कैवारी विल्यम बेटसन यांच्या गटांत यावरून वर्षानुवर्षं जुंपली. खरं तर दोघेही बरोबर होते, पण ते दाखवायला गणित लागत होतं. ते रोनल्ड फिशर या तरुणाने केलं. त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत अडला आणि अखेर १९१८ साली एडिंबराहून छापून आला.

फिशरचा मुद्दा आकड्यांतच बघू. समजा, उंचीवर परिणाम करणारी जागा आपल्या डीएनएत एकच आहे, आणि तिथे ‘उंच’ किंवा ‘बुटकं’ असं एक अक्षर आईकडून आणि एक वडिलांकडून येतं. मग उंच्या तीनच प्रकारच्या होतील. दोन सारख्या जोराच्या जागा असतील तर पाच प्रकारच्या, दहा असतील तर एकवीस. जेवण-आजारपणाने होणारा थोडा फरक त्यात मिसळला, की पायऱ्या बुजून सलग उतार होतो. वाटाण्याचाच नियम, फक्त अनेक जागी एकाच वेळी चाललेला.

आता जागांची संख्या दहा हजारांवर नेऊ. एखाद्या समाजातल्या पुरुषांची उंची सरासरीच्या वरखाली साधारण साडेसहा सेंटिमीटर पसरलेली असते, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश पुरुष त्या पट्ट्यात येतात. जुळ्यांच्या आणि भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं, की सुस्थितीतल्या समाजात या चढउताराचा जवळपास ८० टक्के भाग आनुवंशिक असतो. (हे टक्के फरकांच्या वर्गांचे असतात, म्हणून आनुवंशिक भागाचा पसारा साडेसहाच्या ८० टक्के नव्हे, तर ५.८ सेंटिमीटर येतो.) दहा हजार जागा म्हणजे वीस हजार अक्षरं. सोयीसाठी ‘उंच’ आणि ‘बुटकं’ निम्मं-निम्मं धरलं, तर सरासरी माणसाकडे दहा हजार ‘उंच’ अक्षरं असतील. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा माणसागणिक ७० च्या आसपास मागेपुढे होतो. या ७० अक्षरांनी ५.८ सेंटिमीटर भरून काढायचे, तर एका अक्षराच्या वाट्याला येतं ०.८ मिलिमीटर.

इथे जरा थांबावं. गल्लीतला ताडमाड माणूस आणि मधल्या उंचीचा माणूस यांच्यात, या हिशेबाने, वीस हजार अक्षरांतला दीडशेचा फरक आहे. एकही अक्षर एकट्याने डोळ्यांत भरण्याजोगं नाही, पण त्यांची बेरीज मात्र जवळजवळ सगळा फरक सांगून जाते. ‘८० टक्के आनुवंशिक’ हा आकडा त्या बेरजेबद्दल आहे. ती किती तुकड्यांनी झाली, हे तो सांगतच नाही. सांगू शकतही नाही, कारण एकाच जनुकाने झालेली असती तरी तो तेवढाच राहिला असता.

भावंडांचंही कोडं यातच सुटतं. आई आणि वडील प्रत्येक जागेवरच्या आपापल्या दोन अक्षरांपैकी एकच मुलाला देतात, आणि कोणतं ते दर वेळी नव्याने ठरतं. एकाच घरात त्यामुळे आनुवंशिक फरकाचा निम्मा हिस्सा पुन्हा तयार होतो. दोन सख्ख्या भावांत सरासरी पाचेक सेंटिमीटरचं अंतर पडतं ते यातून आणि थोडं संगोपनातून. डॉक्टरच्या बेरजेला ही सोडत दिसत नाही. तिच्या लेखी सगळे भाऊ सारखेच.

फिशरने हे सगळं एकही जनुक न बघता मांडलं होतं. प्रत्यक्ष जागा सापडायला २००७ उजाडलं. ‘एचएमजीए२’ नावाच्या जनुकाजवळच्या एका अक्षराने उंचीत सुमारे चार मिलिमीटरचा फरक पडतो, असं तेव्हा दिसलं. सर्वसामान्यपणे आढळणाऱ्या बदलांत हा चार मिलिमीटरवाला म्हणजे पैलवानच. पुढच्याच वर्षी अशा चाळीसेक जागा हाती आल्या, पण सगळ्या मिळून उंचीतला जेमतेम पाच टक्के फरक उलगडत होता. बाकीचे पंचाहत्तर गेले कुठे? ‘हरवलेली आनुवंशिकता’ म्हणून याचा बराच बोभाटा झाला. जुळ्यांचे अभ्यासच चुकले असतील, अशी शंकाही काहींनी काढली.

हरवलं काहीच नव्हतं, चाळणी मोठ्या भोकांची होती. ०.८ मिलिमीटरचा परिणाम साडेसहा सेंटिमीटरच्या गोंधळात शोधायचा आहे. शिवाय एका वेळी दहा लाख अक्षरं तपासली, की त्यांतली कित्येक योगायोगानेच उंचीशी जुळलेली दिसतात. त्यामुळे पुराव्याची अट फार कडक ठेवावी लागते. हे गणित केलं तर असं एक अक्षर नक्की पकडायला तीन-चार लाख माणसं लागतात. सुरुवातीचे अभ्यास काही हजारांवर चालले होते. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पीटर विशर यांच्या गटाने वेगळी वाट धरली. एकेक अक्षर दोषी ठरवायचा हट्ट सोडून त्यांनी सुमारे तीन लाख अक्षरं एकदम हिशेबात घेतली, आणि परस्परांशी नातं नसलेल्या माणसांत डीएनए जितका जास्त जुळतो तितकी उंची जुळते का, हे पाहिलं. उंचीतला ४५ टक्के फरक एका फटक्यात दिसला. त्याच वर्षी पावणेदोन लाखांवर माणसांच्या तपासणीतून १८० जागा सापडल्या. २०२२ मध्ये ५४ लाख माणसांच्या अभ्यासात अक्षरांची यादी १२,१११ वर गेली आणि युरोपीय वंशाच्या लोकांत ती ४० टक्के फरक सांगू लागली. उरलेल्यातला बराच भाग दुर्मीळ बदलांचा असावा.

पण इतक्या जागा मुळात लागतात कशाला? लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी विभागतात, फुगतात, मरतात आणि मागे हाड सोडतात. वयात आल्यावर पट्टी बंद होते आणि उंची थांबते. पेशी किती वेगाने विभागतील, किती फुगतील, संप्रेरकं किती वाहतील, पट्टी कधी मिटेल, या प्रत्येक टप्प्यावर अनेक जनुकांचा हात असतो, आणि त्या जनुकांना किती चालू ठेवायचं हे ठरवणारी अक्षरं आणखी वेगळी. यादीतली अक्षरंही इतस्ततः विखुरलेली नाहीत. हाडांच्या वाढीचे आनुवंशिक विकार ज्या जनुकांत होतात, त्यांच्या आसपास त्यांची दाटी आहे.

‘एफजीएफआर३’ हे त्यातलं नावाजलेलं जनुक. त्यातलं एक अक्षर बदललं की पट्टीतल्या पेशींची वाढ दबते आणि प्रौढपणी उंची १३० सेंटिमीटरच्या आसपास राहते. एकाच अक्षराचा एवढा मोठा परिणाम, पण समाजातल्या एकूण फरकात त्याचा वाटा नगण्य, कारण असं मूल वीस-तीस हजारांत एखादं जन्मतं आणि बहुतेकदा त्याचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. एवढा जोराचा बदल पिढ्यानपिढ्या पसरत नाही. समाजभर पसरून राहतात ते मिलिमीटरवालेच.

८० टक्क्यांचा एक चुकीचा अर्थ फार प्रचलित आहे: १७० सेंटिमीटरपैकी १३६ जनुकांचे आणि उरलेले दूधभाकरीचे. तसं काही नाही. हा आकडा एका काळातल्या, एका समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा असतो. दक्षिण कोरियात १८९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रिया सुमारे वीस सेंटिमीटर उंच झाल्या. शंभर वर्षांत जनुकं बदलली नाहीत. अन्न आणि आजार बदलले. सगळ्यांनाच पोटभर मिळू लागलं, की सगळेच वर सरकतात आणि कोण कोणापेक्षा उंच हे पुन्हा जनुकंच ठरवत राहतात.

परिणाम इतके बारीक असण्याचा एक धोका मात्र शास्त्रज्ञांनाही उशिरा कळला. उत्तर युरोपातली माणसं दक्षिणेपेक्षा उंच. दोघांची सरमिसळ असलेल्या नमुन्यात उत्तरेकडे जास्त आढळणारं कुठलंही अक्षर, उंचीशी त्याचा संबंध नसला तरी, किंचित ‘उंच’ भासतं. एका अक्षरातली चूक क्षुल्लक, पण हजारो अक्षरांची बेरीज करताना चुकाही बेरजेत येतात. उत्तरेत उंचीची नैसर्गिक निवड झाली, असा निष्कर्ष अशाच बेरजेतून काढला गेला होता. २०१९ मध्ये दोन गटांनी तोच हिशेब ब्रिटनच्या अधिक एकजिनसी नमुन्यावर केला, तेव्हा तो पुरावा बराचसा विरून गेला.

आपल्याला ही अडचण आणखी जवळची आहे. ५४ लाखांत बहुसंख्य युरोपीय वंशाचे होते. युरोपीयांत ४० टक्के फरक सांगणारी ती यादी दक्षिण आशियाई, आफ्रिकी आणि इतर वंशांच्या लोकांत १० ते २० टक्क्यांवरच अडते. जागा बहुतांशी त्याच आहेत, पण तिथली अक्षरं किती जणांत आढळतात आणि शेजारच्या अक्षरांशी कशी जोडलेली आहेत, हे बदलतं. त्यामुळे मराठी घरातल्या मुलाची उंची किती होईल, हे डीएनए तपासून सांगतो म्हणणाऱ्यापेक्षा आईबापांची नीट मोजलेली उंची आणि डॉक्टरची ती बेरीज आजही जास्त भरवशाची.