ब्रेक शिफ्टचे साडेसात तास

दुपारी चारच्या सुमाराला एखाद्या बऱ्यापैकी चालणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये डोकावलं, तर बावीसपैकी वीस टेबलं रिकामी दिसतात. तिथेच रात्री नऊ वाजता दाराशी नावं लिहून घेत असतात. दिवसभरातला बहुतेक धंदा साडेतीन तासांच्या दुपारी आणि चार तासांच्या रात्री होतो. मधल्या तीन तासांत पार्सलच्या ऑर्डरी आणि चहा-कॉफीखेरीज फारसं काही नसतं. या दोन गर्दींसाठी तीच माणसं दोनदा बोलवायची आणि मध्ये सोडायची, ही हॉटेलधंद्यातली जुनी पद्धत. तिला ब्रेक शिफ्ट किंवा ब्रेक ड्युटी म्हणतात. एका दमात पूर्ण होते ती सरळ शिफ्ट.

मालकाला ब्रेक शिफ्ट का लागते, हे एका उदाहरणातून नीट कळेल. पुण्यासारख्या शहरातलं बावीस टेबलांचं एक रेस्टॉरंट समजा. स्वयंपाकघर, भांडी, काउंटर धरून तिथे चोवीस माणसं आहेत, पण आपण फक्त वेटरांचं बघू. गर्दीत एका वेटरकडे चार टेबलं नीट सांभाळली जातात. म्हणजे दोन्ही वेळेला सहा वेटर हवेत. सगळ्यांना सरळ शिफ्ट द्यायची तर सकाळचे सहा आणि रात्रीचे सहा असे बारा लागतील. जेवणाची अर्ध्या तासाची सुटी वजा केली आणि प्रत्येकाचे सात तास धरले, तर रोजचे चौऱ्याऐंशी तास पगारी होतात. त्याऐवजी दोघे सकाळच्या सरळ शिफ्टला, दोघे रात्रीच्या सरळ शिफ्टला आणि चौघे ब्रेक शिफ्टला ठेवले, तर आठ माणसांत आणि अठ्ठावन्न पगारी तासांत काम भागतं. हा फरक इतका मोठा आहे की ब्रेक शिफ्ट टाळणं लहान धंद्याला सहसा परवडत नाही. मात्र ती कशी आखायची आणि तिचे तास कसे मोजायचे, यात अतोनात ढिलाई असते. तिची किंमत जवळजवळ नेहमी वेटर मोजतो.

आधी गर्दी नक्की कधी असते ते बघायला हवं. बरेच मॅनेजर बिलांच्या वेळा काढतात आणि तिथेच चुकतात. बिल जेवण संपल्यावर छापलं जातं. वेटरची धावपळ त्याच्या तास-पाऊण तास आधी सुरू झालेली असते. म्हणून ऑर्डर स्वयंपाकघरात जाते त्या चिठ्ठीची, म्हणजे केओटीची वेळ बघावी. चार आठवड्यांच्या केओटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत मोजल्या, की वाराप्रमाणे चित्र उभं राहतं. आपल्या उदाहरणात दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसात ते दहा हा जोराचा वेळ आहे, सोमवार थंड आणि शनिवार-रविवार भरगच्च.

आता आखणीकडे येऊ. सर्वांत जास्त प्रचलित ब्रेक शिफ्ट अशी असते: सकाळी अकरा ते साडेतीन, मग संध्याकाळी सात ते साडेअकरा. साडेचार आणि साडेचार, नऊ तास. मालक म्हणतो, कायद्यात नऊ तास चालतात, मग अडचण काय? अडचण अशी, की महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने (२०१७) कामाच्या तासांबरोबर आणखी एक माप ठरवलं. सकाळी पाऊल ठेवल्यापासून रात्री सुटेपर्यंतचा सगळा काळ, मधली सुटी धरून, साडेदहा तासांच्या आत हवा होता. याला स्प्रेड-ओव्हर म्हणतात. तुटक स्वरूपाच्या किंवा तातडीच्या कामासाठी तो बारा तासांपर्यंत नेता येत होता. अकरा ते साडेअकराचा पसारा साडेबारा तासांचा होतो, म्हणजे ही शिफ्ट दोन्ही मापांत बसत नाही. वेटरचा दिवस किती वेळ कामाला बांधला गेला, हे नुसत्या नऊ तासांतून दिसतच नाही.

याच कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्याचा आणि हे नियम वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू ठेवण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तसेच राहिले. माझं मत विचाराल तर आखणी नऊ, साडेदहा आणि अठ्ठेचाळीस याच आकड्यांवर करावी. वाढीव मुभा ही अडीअडचणीला असते, रोजच्या वेळापत्रकासाठी नाही.

साडेदहा तासांत दोन्ही गर्दी पकडायची युक्ती अशी, की उघडणं आणि बंद करणं ब्रेक शिफ्टवाल्यांच्या गळ्यात घालायचं नाही. सकाळचे दोघे दहाला येतात, टेबलं लावतात, पावणेतीन ते सव्वातीन जेवतात आणि साडेपाचला सुटतात. रात्रीचे दोघे चारला येतात, गर्दीच्या आधी साडेसहा ते सात जेवतात आणि साडेअकराला बंद करून जातात. मधले चौघे बारा ते साडेतीन आणि साडेसहा ते साडेदहा. म्हणजे साडेतीन आणि चार, साडेसात तास. पसारा बरोबर साडेदहा. दोन्ही गर्दींना सहा वेटर हजर, कोणी सलग पाच तासांहून जास्त उभा नाही, आणि सहा दिवसांचे पंचेचाळीस तास होतात.

आठवड्याच्या सुटीचा हिशेब इथेच करावा. सोमवारी सहाच वेटर ठेवले आणि बाकी दिवस आठ, तर आठवड्याला चोपन्न हजेऱ्या लागतात. सहा दिवस काम करणारे नऊ वेटर असले की ते नेमकं जुळतं: तिघांची सुटी सोमवारी, उरलेल्या सहांची एकेक दिवशी. आठच वेटर ठेवले तर दर आठवड्याला कोणाची तरी सुटी बुडते.

कागदावर हे नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं? सोमवारी सुटी असलेल्या एका ब्रेक शिफ्टच्या वेटरचा आठवडा घेऊ. शनिवार-रविवारी मॅनेजरने नेहमीप्रमाणे सगळ्यांनाच लवकर बोलावलं आणि शेवटपर्यंत थांबवलं.

| वार | दुपार | रात्र | काम |
|---|---|---|---|
| मंगळ | १२:०० ते ३:३० | ६:३० ते १०:३० | ७ तास ३० मि. |
| बुध | १२:०० ते ३:४० | ६:३० ते १०:३० | ७ तास ४० मि. |
| गुरू | १२:०० ते ३:३० | ६:३० ते १०:४५ | ७ तास ४५ मि. |
| शुक्र | १२:०० ते ३:३० | ६:३० ते १०:५० | ७ तास ५० मि. |
| शनि | ११:३० ते ४:०० | ६:३० ते ११:३० | ९ तास ३० मि. |
| रवि | ११:३० ते ४:१५ | ६:३० ते ११:३० | ९ तास ४५ मि. |

तास वेगळे आणि मिनिटं वेगळी मिळवा. तास होतात सेहेचाळीस. मिनिटं होतात दोनशे चाळीस, म्हणजे चार तास. एकूण पन्नास. अठ्ठेचाळीसच्या वरचे दोन तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर. ताशी पंचाहत्तर रुपये धरले तर अठ्ठेचाळीस तासांचे ३६०० आणि दोन तासांचे ३००, मिळून ३९०० रुपये.

नऊ तासांची मर्यादा धरली, तर शनिवारचा अर्धा आणि रविवारचा पाऊण तास, मिळून सव्वा तास दिवसाच्या हिशेबातच ओव्हरटाइम ठरतो. तो बाजूला काढला की अठ्ठेचाळीस तास पंचेचाळीस मिनिटं उरतात, त्यातली पंचेचाळीस मिनिटं आठवड्याच्या मर्यादेबाहेर. बेरीज पुन्हा दोनच तास. दिवसाचा सव्वा आणि आठवड्याचे दोन असे सव्वातीन तास धरणं चूक, कारण एकच वेळ दोनदा मोजला जातो.

आता काउंटरवर सर्रास होणारी चूक बघा. मस्टरमध्ये ७ तास ४० मिनिटं हे ७.४० असं लिहिलं जातं आणि कॅल्क्युलेटरवर दशांश म्हणून मिळवलं जातं. वरच्या सहा दिवसांची अशी बेरीज येते ४८.४०. एक तास छत्तीस मिनिटं गायब, आणि तीही नेमकी दुप्पट दराची. ओव्हरटाइमचे तीनशेऐवजी साठ रुपये हातात पडतात. कोणाच्या मनात खोट नसताना एका आठवड्यात एका वेटरचे दोनशे चाळीस रुपये बुडतात, आणि बेरीज मशीनने केलेली असल्यामुळे तिच्यावर कोणी शंकाही घेत नाही. चाळीस मिनिटं म्हणजे ०.४० तास नव्हे, ०.६७ तास.

संगणकावर एक्सेलमध्ये हिशेब असेल तर प्रत्येक दिवसासाठी चार वेळांचे चार रकाने ठेवावेत (B ते E) आणि पाचव्यात हे सूत्र घालावं:

```
=(C2-B2)+MOD(E2-D2,1)
```

`MOD` चा उपयोग रात्री बारानंतर सुटलेल्या दिवसासाठी. नुसती वजाबाकी तिथे उणे उत्तर देते. आठवड्याच्या बेरजेच्या चौकोनाला `[h]:mm` हे स्वरूप द्यावं. साधं `h:mm` ठेवलं तर चोवीस तास पूर्ण झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि पन्नास तासांच्या जागी २:०० दिसतं. रुपये काढताना त्या बेरजेला आधी २४ ने गुणायचं आणि मग दराने, कारण एक्सेलच्या दृष्टीने १ म्हणजे एक तास नसून एक दिवस असतो.

सूत्र कितीही बरोबर असलं तरी चार वेळा खऱ्या हव्यात. मस्टरवर सकाळी एक सही घेऊन ब्रेक शिफ्ट मोजता येत नाही. अंगठ्याच्या मशीनवर वेटर दुपारी सुटताना आणि परत येताना अंगठा द्यायला विसरला, तर मशीन बारा ते साडेदहा असे साडेदहा तास धरतं. त्यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी रोज तीन तास सरसकट कापले जातात. मग शनिवारी चार वाजेपर्यंत थांबलेल्याचा अर्धा तास त्या कात्रीत जातो. सरसकट कापणी असलेली ठिकाणं ओळखणं सोपं आहे: महिनाभर सगळ्यांची दुपारची सुटी मिनिटापर्यंत सारखी दिसते.

मधल्या तीन तासांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ते बिनपगारी तेव्हाच, जेव्हा वेटर खरोखर मोकळा आहे. नॅपकिनच्या घड्या घाल, पार्सल आलं तर बघ, असं सांगून त्याला हॉलमध्येच बसवलं, तर ती सुटी नाही, काम आहे. तो वेळ मिळवायलाच हवा. जवळच्या खोलीवर राहणारा मुलगा या तीन तासांत झोप काढतो. तासाभराच्या अंतरावरून येणाऱ्याला मात्र घरी जाऊन परत यायचं तर एकच तास उरतो आणि दिवसाच्या फेऱ्या चार होतात. अशांना सरळ शिफ्ट आधी द्यावी, आणि बाकीच्यांत ब्रेक शिफ्ट पाळीपाळीने फिरवावी.

वरच्या आठवड्यातला खरा बिघाड शनिवार-रविवारी आहे. दोन्ही दिवशी पसारा बारा तासांवर गेला. तो टाळायला नवा माणूस लागत नाही, चौघांच्या वेळा पायऱ्यांनी लावल्या की झालं. दोघे साडेअकरा ते चार आणि साडेसहा ते दहा. दुसरे दोघे साडेबारा ते सव्वाचार आणि पावणेसात ते अकरा. प्रत्येकाचे आठ तास, पसारा साडेदहा, आणि अकरानंतरची आवराआवर रात्रीच्या सरळ शिफ्टच्या दोघांकडे. आपल्या वेटरच्या आठवड्यात एवढाच बदल केला, तर पन्नासचे पावणेसत्तेचाळीस तास होतात आणि ओव्हरटाइम उरत नाही. दहानंतर हॉलमध्ये दोन माणसं कमी होतात, पण तोवर नव्या ऑर्डरी ओसरलेल्या असतात. शंका असेल तर केओटीच्या वेळा बघाव्यात.

वेटरचं काम करणाऱ्या, किंवा घरातलं कोणी ते करत असलेल्या वाचकांना एक विनंती. रोजच्या चारही वेळा खिशातल्या वहीत लिहून ठेवा, पगाराच्या दिवशी तास आणि मिनिटं वेगळी मिळवा, आणि आकडा जुळला नाही तर सही करण्याआधी वही काउंटरवर ठेवून हिशेब मागा.