पुढच्या महिन्यात किती माल भरायचा? पोह्यांच्या हिशोबातून मागणीचा अंदाज

व्हिडिओत फळ्यावर केलेला हिशोब इथे सविस्तर देतोय. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. गुणाकार-भागाकार येत असेल तर एवढं पुरेसं आहे.

उदाहरण गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचं घेऊ. समजा, तिथे एक ताई राइस मिलमधून पोहे घेतात, चाळतात, निवडतात, एक-एक किलोची पाकिटं भरतात आणि आसपासच्या किराणा दुकानांना देतात. भाताचा जिल्हा असल्याने कच्च्या मालाची अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. दिवाळीच्या तोंडावर माल कमी पडतो आणि दुकानदार दुसऱ्याकडून घेतो. पावसाळ्यात माल जास्त होतो, पोहे सादळतात, त्यात किडे होतात आणि भांडवल गोणीत अडकून बसतं. "मागच्या महिन्यात किती गेला" एवढंच बघून माल भरला की हे होणारच.

(हे आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून मांडले आहेत. तुमच्या वहीतले आकडे घालून हाच हिशोब करा.)

आधी दोन वर्षांची वही उघडा

विक्री किलोमध्ये. 2023 साली वर्षभरात 3600 किलो गेले, म्हणजे महिन्याची सरासरी 300. 2024 साली 3840 किलो, म्हणजे सरासरी 320. आता प्रत्येक महिन्याच्या विक्रीला त्याच वर्षाच्या सरासरीने भागा. जानेवारी 2023 ची विक्री 285 किलो. 285 भागिले 300, उत्तर 0.95. जानेवारी 2024 ची 272 किलो. 272 भागिले 320, उत्तर 0.85. दोघांची सरासरी 0.90. हा झाला जानेवारीचा हंगाम गुणक. त्याचा अर्थ असा की जानेवारीत आपला धंदा सरासरी महिन्याच्या 90 टक्के चालतो.

| महिना | 2023 | 2024 | गुणक |
|---|---|---|---|
| जानेवारी | 285 | 272 | 0.90 |
| फेब्रुवारी | 255 | 240 | 0.80 |
| मार्च | 270 | 288 | 0.90 |
| एप्रिल | 300 | 352 | 1.05 |
| मे | 315 | 368 | 1.10 |
| जून | 240 | 256 | 0.80 |
| जुलै | 210 | 256 | 0.75 |
| ऑगस्ट | 300 | 320 | 1.00 |
| सप्टेंबर | 315 | 304 | 1.00 |
| ऑक्टोबर | 360 | 608 | थांबा |
| नोव्हेंबर | 480 | 288 | थांबा |
| डिसेंबर | 270 | 288 | 0.90 |

एप्रिल-मे लग्नसराईचे, म्हणून वर. जून-जुलैत पेरणी-रोवणीत माणसं शेतावर आणि पैसाही शेतात, म्हणून खाली. फेब्रुवारी थोडा 28-29 दिवसांचा असल्यामुळेही लहान दिसतो. गुणकामागचं कारण सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर तो आकडा एखाद्या वर्षीच्या योगायोगाचा असू शकतो.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरकडे शेवटी येतो. तिथे बरेच जण फसतात.

मुख्य हिशोब: पाया, आणि पायाची दुरुस्ती

हंगाम बाजूला काढला तर आपला धंदा महिन्याला किती किलोचा आहे? या आकड्याला आपण पाया म्हणू. 2025 सुरू करताना पाया धरू 320, म्हणजे आदल्या वर्षाची सरासरी.

दर महिन्याला तीन कामं करायची:

1. अंदाज = पाया × त्या महिन्याचा गुणक.
2. महिना संपला की खऱ्या विक्रीला गुणकाने भागा. हंगाम निघून जातो आणि "शुद्ध" विक्री मिळते.
3. शुद्ध विक्री आणि पाया यांच्यातल्या फरकाचा फक्त काही हिस्सा पायात मिळवा. इथे आपण 0.2, म्हणजे पाचवा हिस्सा घेतोय. या हिश्श्याला अल्फा म्हणतात.

पूर्ण फरक का नाही मिळवायचा? कारण एका महिन्यात एखाद्या लग्नाची मोठी ऑर्डर येते, एखाद्या महिन्यात पाऊस लागतो. तेवढ्यावरून धंदा वाढला किंवा बुडाला असं होत नाही. आणि अजिबात मिळवलं नाही, तर धंदा खरोखर बदलला तरी आपल्याला कळणार नाही. पाचवा हिस्सा म्हणजे "ऐकलं, पण लगेच विश्वास नाही ठेवला." या पद्धतीत ताज्या महिन्याचं वजन जास्त राहतं आणि जुन्या महिन्यांचं हळूहळू विरत जातं. म्हणूनच तिला एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणतात. रॉबर्ट ब्राऊन यांनी ती 1950 च्या दशकात साठ्याच्या हिशोबासाठी मांडली.

आता चालवून बघू. उत्तरं जवळच्या पूर्ण किलोत धरू.

जानेवारी: अंदाज 320 × 0.90 = 288. खरी विक्री 297. शुद्ध विक्री 297 ÷ 0.90 = 330. फरक 10, त्याचा पाचवा हिस्सा 2. नवा पाया 322.

फेब्रुवारी: अंदाज 322 × 0.80 = 258. खरी विक्री 248. शुद्ध 310. फरक उणे 12, पाचवा हिस्सा साधारण उणे 2. नवा पाया 320.

मार्च: अंदाज 320 × 0.90 = 288. खरी विक्री 324. शुद्ध 360. फरक 40, पाचवा हिस्सा 8. नवा पाया 328.

एप्रिल: अंदाज 328 × 1.05 = 344. खरी विक्री 357. शुद्ध 340. फरक 12, पाचवा हिस्सा साधारण 2. नवा पाया 330.

मे साठी अंदाज: 330 × 1.10 = 363 किलो.

इथे मार्च आणि एप्रिल परत बघा. विक्री 324 वरून 357 वर गेली. वहीत बघितलं तर आनंदच होतो. पण शुद्ध विक्री 360 वरून 340 वर उतरली. एप्रिलमध्ये लग्नसराई असल्याने आकडा तसाही वाढणारच होता, आणि तो मार्चच्या मानाने कमीच वाढला. हंगाम काढला नसता तर हे दिसलंच नसतं.

हंगाम न काढता हाच हिशोब केला तर?

समजा, ऑक्टोबर 2024 च्या आधी पाया 320 होता आणि आपण गुणक वापरलेच नाहीत. ऑक्टोबरला 608 किलो गेले. फरक 288, पाचवा हिस्सा 58. नोव्हेंबरचा अंदाज 378. खरी विक्री झाली 288. म्हणजे दिवाळी संपली तरी हिशोब दिवाळीच्याच धुंदीत, आणि 90 किलो पोहे घरात. स्मूदिंगला सण कळत नाही, तो गुणकानेच सांगावा लागतो.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये

B मध्ये खरी विक्री, C मध्ये गुणक, D मध्ये पाया, E मध्ये अंदाज. D2 मध्ये सुरुवातीचा पाया 320 लिहा. तिसऱ्या ओळीपासून:

```
E3: =D2*C3
D3: =D2+0.2*(B3/C3-D2)
```

दोन्ही खाली ओढा. महिना संपायच्या आत D कडे बघू नका. B रिकामा असेल तर शीट विक्री शून्य धरतं आणि पाया एकदम खाली पाडतं.

आता दिवाळी

2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, म्हणून चिवड्याच्या पोह्यांची मोठी खरेदी नोव्हेंबरमध्ये पडली. 2024 साली ते 1 नोव्हेंबरला, म्हणून जवळजवळ सगळी खरेदी ऑक्टोबरमध्ये. गुणक बघा: 2023 मध्ये ऑक्टोबर 1.20, नोव्हेंबर 1.60. 2024 मध्ये ऑक्टोबर 1.90, नोव्हेंबर 0.90.

सरळ सरासरी काढली तर ऑक्टोबर 1.55 आणि नोव्हेंबर 1.25 येतो. हे आकडे दोन्ही वर्षांसाठी चूक आहेत. कॅलेंडरचा महिना इंग्रजी आणि गिऱ्हाईक चालतं तिथीने, त्याचा हा घोळ.

पण दोन महिन्यांची बेरीज बघा: 1.20 + 1.60 = 2.80 आणि 1.90 + 0.90 = 2.80. दोन महिने मिळून मागणी तेवढीच आहे, फक्त सरकते. म्हणून या दोघांसाठी बेरीज 2.80 पक्की धरा आणि वाटणी करताना भिंतीवरचं पंचांग बघा. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असेल तर 2023 ची वाटणी, ऑक्टोबरमध्ये किंवा 1 नोव्हेंबरच्या जवळ असेल तर 2024 ची.

2025 मध्ये लक्ष्मीपूजन 20-21 ऑक्टोबरला. म्हणून पाया 330 धरून ऑक्टोबर 330 × 1.90 = 627 किलो आणि नोव्हेंबर 330 × 0.90 = 297 किलो. सरासरीच्या गुणकाने ऑक्टोबरला 512 च आले असते. ऐन दिवाळीत सुमारे 115 किलो कमी पडले असते आणि तेवढेच नोव्हेंबरला उरले असते. घटस्थापना 22 सप्टेंबरलाच असल्याने थोडी खरेदी सप्टेंबरमध्येही येईल, म्हणून पॅकिंग आधीच सुरू करायचं. 2026 मध्ये मात्र लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, तेव्हा परत 2023 ची वाटणी.

अंदाज किती चुकतो ते लिहून ठेवा

चार महिन्यांच्या चुका: 9, 10, 36, 13. बेरीज 68, सरासरी 17 किलो. म्हणून मे महिन्यात 363 नाही, 380 किलोची तयारी ठेवायची. उरलेले 17 जूनला जातील, तेवढे जूनच्या भरतीतून कमी करा.

मी 0.5 अल्फा घेऊनही हेच चार महिने चालवून बघितले. चुका आल्या 9, 12, 38 आणि 1, बेरीज 60. म्हणजे 0.5 चांगला? घाई नको. सगळा फायदा एका एप्रिलमुळे दिसतोय. निदान बारा महिन्यांवर दोन्ही चालवून बघा आणि ज्याची बेरीज कमी तो ठेवा.

चुकीच्या आकड्यासोबत तिची दिशाही लिहा. सलग चार-पाच महिने खरी विक्री अंदाजाच्या वरच जात असेल, तर धंदा वाढतोय आणि आपला पाया मागून धावतोय. ही या साध्या पद्धतीची मर्यादा आहे. त्यावर चार्ल्स होल्ट यांनी 1957 मध्ये वाढीचा वेगळा हिशोब जोडला आणि पीटर विंटर्स यांनी 1960 मध्ये त्यात हंगामही बसवला. ते पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत अशा वेळी अल्फा 0.2 वरून 0.4 करा.

शेवटची गोष्ट, आणि शीटमध्ये ती कुठेच दिसत नाही. विक्री म्हणजे मागणी नव्हे. महिन्यात सहा दिवस माल संपलेला असेल तर वहीतला आकडा खोटा कमी आहे. तोच आकडा गुणकात गेला की पुढच्या वर्षीही तुम्ही कमीच माल भरता, परत संपतो, आणि हिशोब म्हणतो, "बघा, अंदाज बरोबर आला!" म्हणून माल संपल्यावर ज्या दुकानदाराने मागितलं आणि परत गेला, त्याचे किलो वहीत वेगळ्या रकान्यात लिहा आणि हिशोबात विक्रीत मिळवा. हा रकाना आजपासूनच आखा. मागच्या दोन वर्षांत तो नसेल तर निदान माल कोणत्या महिन्यात संपला होता ते आठवून खूण करा, आणि त्या महिन्याच्या गुणकावर जरा कमी विश्वास ठेवा.