शेवटचा जोड कुणाचा?

समजा, कोल्हापुरी चपलांचा एक दुकानदार अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि शॉपिफायवरच्या स्वतःच्या दुकानात तोच माल विकतो. आठ नंबरचा एकच जोड उरला आहे आणि तो अ‍ॅमेझॉनवर खपला. आता उरलेल्या दोन्हीकडे ‘शून्य’ पोचायला हवे, नाहीतर नसलेल्या चपलेची ऑर्डर येणार.

हा निरोप एपीआयमार्फत जातो, पण वाटेल तितक्या वेगाने नाही. शॉपिफायच्या जुन्या रेस्ट एपीआयमध्ये साध्या प्लॅनला एकदम 40 विनंत्या चालतात, पुढे सेकंदाला दोन. दिवाळीसाठी 600 वस्तूंचे भाव बदलले, तर सगळे पोचायला साडेचार मिनिटांहून जास्त लागतात. घाई केली की उत्तर येते `429`, सोबत `Retry-After`मध्ये किती सेकंद थांबायचे तेही. तेवढे थांबावे. उत्तरच आले नाही, तर दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करावा.

खरी गोम पुढे आहे. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असे नव्हे. ‘एक वजा कर’ हा निरोप दोनदा पोचला तर दोन जोड वजा होतात. ‘आता शून्य कर’ कितीही वेळा पोचला तरी शून्यच राहते. म्हणून आकडा पूर्ण पाठवावा.

भावाचे दुखणे वेगळे. 899चा अडकलेला निरोप नव्या 749 नंतर पोचला, तर जुनाच भाव परत लागतो. यावर उपाय म्हणजे रांगेत निरोपाऐवजी फक्त वस्तूचा क्रमांक ठेवायचा आणि भाव पाठवायच्या क्षणी वाचायचा. एका वस्तूची एका वेळी एकच विनंती बाहेर असावी, हे मात्र पाळावे लागते.