चौकशी आली, पण कोणत्या जाहिरातीतून?

समजा, नाशिकमध्ये घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवून देणारा एक व्यावसायिक आहे. दिवाळीच्या तोंडावर त्याने तीन ठिकाणी जाहिरात केली. फेसबुकवर पैसे भरून एक चित्र टाकलं, गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागांत वर्तमानपत्रात घालून पत्रकं वाटली आणि ओळखीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप पाठवला. तिन्हींत वेबसाइटचा पत्ता एकच होता. महिन्याभरात वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म 60 जणांनी भरला. त्यांत नाव होतं, मोबाइल नंबर होता, विजेचं बिल किती येतं तेही होतं. ही माणसं कोणत्या जाहिरातीमुळे आली, एवढं मात्र कुठेच नव्हतं.

अशा वेळी बहुतेक जण वेबसाइटच्या भेटी मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स उघडतात. तिथे बऱ्याच भेटींपुढे `(direct) / (none)` असं लिहिलेलं दिसतं आणि लोक थेट पत्ता टाइप करून आले, असा त्याचा अर्थ लावला जातो. खरा अर्थ एवढाच, की पाहुणा कुठून आला हे वेबसाइटला कळलं नाही. एका वेबसाइटवरून दुसरीवर जाताना ब्राउझर सहसा मागच्या ठिकाणाचं नाव सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपमधून किंवा छापील क्यूआर कोडवरून आलेल्या माणसाबरोबर ते नाव बहुधा येत नाही. म्हणजे आपल्या व्यावसायिकाच्या तीनपैकी दोन जाहिराती एकाच ढिगाऱ्यात जाऊन पडल्या.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक जाहिरातीतल्या लिंकला वेगळी खूणचिठ्ठी जोडणं. टपालाने माल मागवण्याच्या काळात जाहिरातदार कापून पाठवायच्या कुपनावर प्रत्येक वर्तमानपत्रासाठी वेगळा सांकेतिक क्रमांक छापत. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरात लेखकाचं 1923 सालचं पुस्तक याच मोजणीच्या पायावर उभं आहे. लिंकमधली चिठ्ठी हे त्या क्रमांकाचंच आजचं रूप आहे. फेसबुकच्या जाहिरातीतली लिंक अशी दिसेल:

```
https://example.com/solar?utm_source=facebook&utm_medium=paid_social&utm_campaign=diwali
```

प्रश्नचिन्हापर्यंतचा भाग हा पानाचा नेहमीचा पत्ता. त्यापुढे लिहिलेल्या गोष्टींनी साधारणपणे पान बदलत नाही, फक्त नोंद होते. `utm_source` म्हणजे माणूस कुठून आला, `utm_medium` म्हणजे कोणत्या प्रकारच्या मार्गाने आला, आणि `utm_campaign` म्हणजे कोणत्या मोहिमेतून आला. यातलं `utm` हे अर्चिन या सॅन डिएगोच्या कंपनीच्या मोजणी यंत्रणेच्या नावावरून आलं. गूगलने ती कंपनी 2005 मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स सुरू झालं. कंपनीचं नाव मागे पडलं, तिची तीन अक्षरं जगभरच्या लिंकांत राहिली.

पहिल्या दोन चिठ्ठ्यांत हमखास गल्लत होते. कुठून आणि कशाने, हा फरक एसटीच्या प्रवाशाला विचारावा तसा आहे: सिन्नरहून आलात, हे एक उत्तर आणि एसटीने आलात, हे दुसरं. पत्रकाच्या क्यूआर कोडसाठी `utm_source=patrak_gangapur` आणि `utm_medium=qr` असं लिहिलं, की इंदिरानगरच्या पत्रकाला `patrak_indiranagar` देऊन दोन्ही भाग वेगळे पाहता येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपासाठी `whatsapp` आणि `social`. अ‍ॅनालिटिक्सच्या ठरावीक गटांत `qr` बसत नाही, त्यामुळे त्या भेटी `Unassigned` या गटात दिसतील. त्याने बिघडत काही नाही. स्रोत आणि माध्यमाच्या तक्त्यात त्या आपल्या नावानेच सापडतात.

बिघडतं ते स्पेलिंगमुळे. `Facebook`, `facebook` आणि `fb` ही यंत्रणेच्या लेखी तीन वेगळी ठिकाणं. जाहिरात एकाने लावली, पोस्ट दुसऱ्याने टाकली, की एकाच फेसबुकच्या तीन ओळी होतात आणि तिन्ही दुबळ्या दिसतात. म्हणून सगळी अक्षरं छोटी, शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा, आणि ठरलेल्या नावांचा एकच सामायिक तक्ता. नावं रोमन लिपीतच ठेवावीत. देवनागरीतला `दिवाळी` लिंक कॉपी करताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो. आणखी एक, ग्राहकाचं नाव किंवा मोबाइल नंबर या चिठ्ठीत कधीही घालू नये. लिंक पुढे पाठवली जाते, तिच्याबरोबर तो नंबरही गावभर जातो.

एवढं करून बरेच जण थांबतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. अ‍ॅनालिटिक्स भेटींची बेरीज दाखवतं. फॉर्म भरलेल्यांची बेरीजही दाखवेल. पण पंचवटीतल्या अमुक गृहस्थांची चौकशी कोणत्या जाहिरातीतून आली, हे ते सांगत नाही. त्यासाठी चिठ्ठी चौकशीच्या नोंदीपर्यंत पोचायला हवी. फॉर्ममध्ये ग्राहकाला न दिसणारे तीन रकाने ठेवायचे आणि पान उघडताच लिंकमधली अक्षरं त्यांत भरायची. हे काम वेबसाइट करणाऱ्याला सांगताना एक गोष्ट बजावून सांगावी. माणूस आधी सौर पॅनेलच्या पानावर उतरतो, मग दर पाहतो, मग चौकशीच्या पानावर जातो, आणि तिथपर्यंत पत्त्यातली चिठ्ठी गळून गेलेली असते. म्हणून ती पहिल्याच पानावर ब्राउझरमध्ये साठवून ठेवावी लागते. हे राहिलं, की फॉर्ममधले रकाने रिकामे येऊ लागतात.

आता त्या 60 चौकशा पुन्हा पाहू. समजा, 38 फेसबुकच्या, 13 व्हॉट्सअ‍ॅपच्या आणि 9 पत्रकांच्या निघाल्या. इथवर फेसबुक जिंकलं. पण प्रत्येक ओळीपुढे छत पाहायला बोलावलं का आणि काम ठरलं का, हे लिहीत गेलं, तर फेसबुकच्या 38 मधून 2 कामं आणि पत्रकांच्या 9 मधून 3 कामं असं चित्र निघू शकतं. फेसबुकवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही फॉर्म भरलेला असू शकतो. पत्रक बंगल्यांच्या गल्लीत पडलेलं असतं. भेटींच्या बेरजेतून हे कधीच दिसलं नसतं.

पत्रकाच्या बाबतीत एक जपायला हवं. छापलेला क्यूआर कोड सहसा बदलता येत नाही. म्हणून त्यात लांब लिंक न घालता आपल्याच वेबसाइटचा `example.com/g` असा छोटा पत्ता घालावा आणि तिथून चिठ्ठीवाल्या लिंकवर वळवावं. चूक झाली तर वळण दुरुस्त करता येतं. मात्र वळवताना चिठ्ठी गळत तर नाही ना, हे छपाईआधी स्वतःच्या मोबाइलवर पाहावं: कोड स्कॅन करायचा, फॉर्म भरायचा आणि आपल्या तक्त्यात `patrak_gangapur` उमटलं का ते बघायचं.

वेबसाइटवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बटणातून मात्र ही चिठ्ठी पलीकडे जात नाही. `wa.me` च्या लिंकला `utm` जोडून उपयोग होत नाही. त्याऐवजी `?text=` वापरून आधीच लिहिलेला निरोप द्यावा आणि त्यात लहानसा संकेत ठेवावा, उदाहरणार्थ "सौर पॅनेलची चौकशी, G2". ग्राहकाने तो खोडला नाही तर ओळख टिकते. फोनवरच्या चौकशीला चिठ्ठी नसतेच. तिथे फोन घेणाऱ्याने "आमच्याबद्दल कुठून कळलं?" असं विचारून वहीत लिहायचं.

हा प्रश्न फॉर्ममध्येही उघडपणे ठेवावा, असं माझं मत आहे. कारण चिठ्ठी फक्त माणूस शेवटी ज्या दारातून आत आला त्या दाराचं नाव सांगते. बाईंनी सकाळी पत्रक वाचलं, संध्याकाळी यजमानांनी गूगलवर नाव शोधून फॉर्म भरला, तर नोंद गूगलच्या खात्यावर पडते. उत्तरात "पेपरातलं पत्रक" आणि नोंदीत `google` असं आलं, तर कोणतंही एक न खोडता दोन्ही तसंच ठेवावं. अशा ओळी किती, हे मोजल्याशिवाय पत्रकांचा खर्च बंद करू नये.