पावसात नेट का मंदावतं? दोन टॉवरमधल्या लहरींचा जमाखर्च

जुलैची संध्याकाळ, कोकणात धो धो पाऊस. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसताहेत, पण व्हिडिओ काही पुढे सरकत नाही. याला कारणं अनेक असू शकतात. त्यातलं एक तुमच्या फोनपासून दूर, दोन टॉवरच्या मधल्या हवेत असतं.

ज्या टॉवरपर्यंत फायबर केबल पोहोचलेली नाही, तो पुढच्या टॉवरशी मायक्रोवेव्ह लहरींनी जोडलेला असतो. टॉवरवर ढोलासारख्या दिसणाऱ्या गोल डिश त्यासाठीच असतात. अशा एका टप्प्याला ‘हॉप’ म्हणतात. हा हॉप टिकेल का, हे डिश वर चढवण्याआधी कागदावर तपासलं जातं. त्या हिशेबाचं नाव ‘लिंक बजेट’.

हिशेब कसा मांडतात?

हा साधा जमाखर्च आहे. मोजमाप डेसिबलमध्ये (डीबी) असतं, त्यामुळे गुणाकार-भागाकाराऐवजी फक्त बेरीज-वजाबाकी करावी लागते. सिग्नलची ताकद ‘डीबीएम’मध्ये सांगतात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट आणि २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट.

समजा, दोन टेकड्यांवरच्या टॉवरमध्ये २० किलोमीटर अंतर आहे आणि फ्रिक्वेन्सी १५ गिगाहर्ट्झ आहे. सर्वांत मोठा खर्च अंतराचा. लहरी पसरत जातात तशा विरळ होतात. हा खर्च असा काढतात :

```
L = 92.45 + 20*log10(d_km) + 20*log10(f_GHz)
L = 92.45 + 26.02 + 23.52 = 142 dB
```

आता पूर्ण हिशेब पाहू.

जमा : ट्रान्समीटर २० डीबीएम आणि १.२ मीटर व्यासाच्या दोन डिशचा प्रत्येकी ४२ डीबी फायदा. एकूण १०४.

खर्च : अंतराचा १४२, दोन्ही टोकांच्या जोडण्यांमध्ये प्रत्येकी १ आणि हवेतल्या बाष्पात व ऑक्सिजनमध्ये मिळून सुमारे १. एकूण १४५.

१०४ वजा १४५ म्हणजे उणे ४१ डीबीएम. पाठवलेल्या ताकदीचा साधारण साडेबारा लाखावा भाग पलीकडे पोहोचतो. तरीही तो पुरतो, कारण पूर्ण वेगानं काम करायला या रिसीव्हरला उणे ६६ डीबीएम लागतात असं धरू. म्हणजे २५ डीबी हाती उरले. या शिलकीला ‘फेड मार्जिन’ म्हणतात. कोरड्या दिवशी ती भरपूर वाटते.

आणि मग पाऊस येतो

१५ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी फक्त २ सेंटिमीटर असते. पावसाचे थेंब तिची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. ताशी १०० मिलिमीटर वेगानं पाऊस पडत असेल तर उभ्या ध्रुवीकरणातल्या लहरी दर किलोमीटरला सुमारे ६ डीबी गमावतात. असा जोराचा पाऊस पूर्ण २० किलोमीटरवर सहसा एकाच वेळी नसतो. वाटेतल्या ५ किलोमीटरवर असला तरी ३० डीबी गेले. शिल्लक २५ होती, म्हणजे ५ डीबीचा तोटा.

अशा वेळी आधुनिक रेडिओ लगेच बंद पडत नाही. तो कमी वेगाच्या, पण कमकुवत सिग्नलवरही चालणाऱ्या पद्धतीवर उतरतो. म्हणून फोनवर रेंज पूर्ण दिसते, पण नेट रांगतं. पाऊस आणखी वाढला तर मात्र हॉप तुटतो.

आता हाच हिशेब ७ गिगाहर्ट्झला करून पाहा. अंतराचा खर्च १३५.४ वर येतो, पण त्याच डिशचा फायदाही ३६ पर्यंत घसरतो. पलीकडे साधारण उणे ४५.५ डीबीएम मिळतात आणि शिल्लक २०.५ डीबी राहते. कोरड्या दिवशी १५ गिगाहर्ट्झच पुढे! पण तोच पाऊस इथे किलोमीटरला जेमतेम १.३ डीबी खातो. ५ किलोमीटरला साडेसहा गेले तरी १४ डीबी उरतात. म्हणूनच जास्त पावसाच्या भागातल्या लांब हॉपसाठी कमी फ्रिक्वेन्सी निवडतात. नुसती कोरड्या दिवसाची शिल्लक पाहून निवड केली तर पावसाळ्यात पस्तावायची वेळ येते.

कागदावरचा आकडा उभारणीनंतरही लागतो

डिश बसवल्यावर मोजलेला सिग्नल उणे ४१ च्या आसपास हवा. मीटर उणे ६१ दाखवत असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर पहिला संशय डिशच्या दिशेवर घ्यावा. या डिशचा मुख्य झोत जेमतेम सव्वा अंश रुंद असतो आणि त्याच्या बाजूला कमजोर झोत असतात. तंत्रज्ञ चुकून बाजूच्या झोतावर डिश घट्ट करतो. लिंक सुरू होते, सगळे खाली उतरतात. पण २५ डीबीच्या शिलकीतले २० त्याच दिवशी गेलेले असतात. पहिल्या मोठ्या पावसात ते कळतं.