चावी एजंटकडे, अधिकार किती?

सकाळचे अकरा. कोथरूडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन उभे आहेत: वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या छतात पाणी झिरपतंय. वरचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे आणि भाडेकरू ऑफिसला गेला आहे. मालकीण न्यू जर्सीत राहते, तिथे मध्यरात्र उलटून गेली आहे. जादा चावी एजंटकडे असते. तो प्लंबरला घेऊन येतो, प्लंबर भिंतीवर दोनदा ठोकून पाहतो आणि सांगतो, ‘सगळी फरशी फोडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल. पंचेचाळीस हजार धरा.’

एजंटने ‘हो’ म्हणायचे की थांबायचे, याचे उत्तर त्या सकाळी शोधून चालत नाही. ते मालकिणीने महिनोन्‌महिने आधी लिहून ठेवलेले असावे लागते. परदेशी राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांची पुण्या-मुंबईत घरे आहेत आणि बहुतेकांचा एजंटशी व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ‘तुम्ही बघून घ्या’ एवढ्यावरच चालतो. या तीन शब्दांत एजंटला किती अधिकार मिळाला, हे दोघांनाही सांगता येत नाही.

भारतीय करार कायदा १८७२ पासूनचा आहे आणि त्यात मालक व एजंट यांचे नाते बऱ्यापैकी स्पष्ट केलेले आहे. मालकाने सूचना दिल्या असतील, तर एजंटने त्यांनुसारच काम करायचे; सूचना मोडून नुकसान केले तर ते त्याने भरून द्यायचे. सूचना नसतील, तर त्या ठिकाणी त्या धंद्यात जी रीत असेल तिला धरून चालायचे. अडचण आली तर मालकाला कळवण्याचा योग्य तो प्रयत्न करायचा. मालकाने मागितला की हिशेब द्यायचा. आणि संकट ओढवलेच, तर मालकाचे नुकसान टाळण्यासाठी शहाणा माणूस स्वतःच्या बाबतीत जे करील ते करण्याचा अधिकार एजंटला आपोआप मिळतो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे या अधिकारात बसते. पंचेचाळीस हजारांची फोडाफोड बसते का, यावर वाद होऊ शकतो. तो टाळायचा तर सूचनापत्र हवे.

हे पत्र म्हणजे कुलमुखत्यारपत्र नव्हे. मुखत्यारपत्र सरकारी कार्यालयात दाखवायचे असते. भाडेकराराच्या नोंदणीला मालकीण स्वतः हजर राहणार नसेल, तर तिच्या वतीने सही करणाऱ्याकडे ते लागते. अमेरिकेत ते नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल घेता येते, किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घेता येते. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. या कागदात फक्त फ्लॅट भाड्याने देणे, कराराची नोंदणी करणे आणि पोलिसांकडे व सोसायटीकडे माहिती देणे एवढेच अधिकार लिहावेत. विक्री, गहाण, भाडे किंवा डिपॉझिट स्वीकारणे यांतले काहीही त्यात नसावे. अनेक जण ते एजंटऐवजी पुण्यातल्या भावाच्या किंवा बहिणीच्या नावे करतात आणि एजंटकडे फक्त सूचनापत्र देतात. ही वाटणी सोयीची पडते.

सूचनापत्राचा पहिला भाग भाडेकरू शोधण्याचा. समजा, अपेक्षित भाडे २८,००० रुपये आहे आणि डिपॉझिट एक लाख. ‘२८,००० हवेत’ एवढेच लिहिले तर एजंट २७,००० देणाऱ्याला परत पाठवेल, किंवा त्याला आठवडाभर ताटकळत ठेवून रात्री-अपरात्री फोन करील. इथे साधा हिशेब करावा. भाडे दरमहा १,००० रुपयांनी कमी केले तर ११ महिन्यांत ११,००० रुपये जातात. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर २८,००० जातात, शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स भरावा लागतो तो वेगळाच. तेव्हा पत्रात लिहावे: ‘२६,५०० पर्यंत तुम्ही स्वतः ठरवा. त्याखाली मला विचारा.’

मात्र जाहिरात देतानाच एक गोष्ट उघड सांगायला हवी आणि नेमकी तीच बहुधा लपवली जाते. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून प्राप्तिकर कापून सरकारजमा करावा लागतो. मालक भारतात राहत असता, तर साध्या नोकरदार भाडेकरूला महिना ५०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर हे करावे लागले नसते. अनिवासी मालकासाठी अशी खालची मर्यादा नाही. दर ३० टक्के, वर उपकर धरून ३१.२ टक्के. म्हणजे २८,००० मधून ८,७३६ रुपये कापून १९,२६४ रुपये मालकिणीच्या एनआरओ खात्यात. त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक काढावा लागतो आणि दर तिमाहीला विवरण भरावे लागते. हे करार झाल्यावर कळले की भाडेकरू बिथरतो. कळलेच नाही आणि पुढे नोटीस आली, तर न कापलेला कर आणि व्याज भाडेकरूकडूनच मागितले जाते.

मालकिणीचे हे पैसे बुडत नाहीत. वर्षाचे भाडे ३,३६,००० रुपये. त्यातून महापालिकेचा मिळकतकर आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की करपात्र रक्कम सव्वादोन-अडीच लाखांच्या आसपास येते. भारतात दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत एवढ्यावर कर लागत नाही आणि विवरणपत्र भरून परतावा मिळतो. आधीच अर्ज करून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्रही घेता येते. पत्रात म्हणून एक ओळ हवी: ‘मालक अनिवासी आहे आणि कर कापावा लागेल, हे फ्लॅट दाखवण्यापूर्वीच सांगावे. टॅन आणि विवरणाचे काम करणाऱ्या सीएची फी मी देईन.’ ही फी मालकाने उचलली की चांगला भाडेकरू सहसा मागे हटत नाही.

दुसरा भाग भाडेकरूच्या पडताळणीचा. इथे एजंटचे आणि मालकाचे हित थोडे वेगळे पडते. एजंटला दलाली करार झाला की मिळते. चुकीच्या भाडेकरूचा त्रास मात्र पुढे मालकाला होतो. त्यामुळे ‘चांगली फॅमिली बघा’ या सूचनेचा काही उपयोग नाही. एजंटने काय पाठवायचे ते नाव घेऊन सांगावे: आधार आणि पॅनची प्रत, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या किंवा नवी नोकरी असेल तर नेमणूकपत्र, आधीच्या घरमालकाचा फोन, आणि घरात नक्की कोण कोण राहणार त्यांची यादी. भाडे घरातल्या मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असावे, हा अंगठेनियम बरेच जण पाळतात. आधीच्या घरमालकाला फोन मालकिणीने स्वतः करावा. प्रश्न दोनच पुरतात: भाडे किती तारखेला यायचे, आणि घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापावे लागले?

पत्रात आणखी एक स्पष्ट मनाई असावी. एजंटने फ्लॅट स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या नावे घेऊन पुढे जास्त भाड्याने देऊ नये. मालकाला अंधारात ठेवून एजंटने स्वतःसाठी असा व्यवहार केला, तर त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो, असे करार कायदा सांगतो. पण त्यासाठी तो प्रकार आधी कळावा लागतो. म्हणून करार होण्यापूर्वी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि समोर तोच माणूस, जो त्या घरात राहणार आहे.

निवड झाली की महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सुमारे ८०० रुपये आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये होते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. तिची पोच आणि नोंदणी झालेला करार हातात आल्याशिवाय चावी द्यायची नाही, हा क्रम पत्रात असावा.

आता पुन्हा त्या झिरपणाऱ्या बाथरूमकडे. दुरुस्तीच्या परवानगीत नुसती रकमेची मर्यादा घालणे अपुरे पडते. कारण शोधण्याची पायरीही लिहावी लागते. पाणी साधारण तीन ठिकाणांहून येते. भिंतीतली पुरवठ्याची नळी फुटली असेल, तर तिच्यात सतत दाब असल्याने बाथरूम वापरले नाही तरी खाली टपकत राहते. नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याची नळी गळत असेल, तर पाणी ओतल्यावर थोड्याच वेळात ओल वाढते. फरशीच्या सांध्यांतून झिरपत असेल, तर पाणी साचून राहिले की काही तासांनी डाग पसरतो.

हे ओळखायला फोडाफोड लागत नाही. एक दिवस बाथरूम पूर्ण बंद ठेवायचे आणि खालच्या डागाची कड पेन्सिलीने आखायची. टपकणे चालूच राहिले तर संशय पुरवठ्याच्या नळीवर. थांबले, तर नहाणीत बादलीभर पाणी ओतून पाहायचे. त्यानेही काही झाले नाही, तर ट्रॅपचे तोंड बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटे पाणी साठवायचे आणि दुसऱ्या दिवशी डाग पाहायचा. दोष फक्त सांध्यांत निघाला तर ग्राउटिंगवर भागते, ट्रॅपचा निघाला तर तेवढाच भाग उघडावा लागतो. सगळी फरशी काढण्याची वेळ यानंतरच येते. स्वतःच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर तो खर्च सोसायटीचा नाही, त्या सदनिकाधारकाचा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल तर मात्र सोसायटीकडे लेखी अर्ज करायचा.

म्हणून पत्रातला दुरुस्तीचा परिच्छेद असा असू शकतो: ‘वाहते पाणी, विजेचा शॉर्ट, तुटलेले कुलूप: आधी धोका थांबवा, ५,००० रुपयांपर्यंत लगेच खर्च करा, त्याच दिवशी कळवा. इतर दुरुस्ती ३,००० पर्यंत न विचारता करा. त्यापुढे दोघांचे लेखी अंदाज आणि दोष दाखवणारा व्हिडिओ पाठवा, मी ४८ तासांत उत्तर देईन. फोडाफोडीचे कोणतेही काम चाचणीशिवाय नाही.’ मालकिणीने स्वतःला घातलेली ४८ तासांची मुदत महत्त्वाची आहे, नाहीतर भाडेकरू आठवडाभर बादलीने पाणी भरतो आणि दोष एजंटवर येतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कोणाची याची यादी आहे. नळाचे वॉशर, बटणे, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. संरचनेची दुरुस्ती, भिंतींना रंग, नळ्या बदलणे घरमालकाकडे. आपल्या करारात अशी वाटणी लिहायला ती यादी नमुना म्हणून वापरता येते.

पुरावाही ठरवून घ्यावा: कामाआधीचा, उघडलेला आणि काम झाल्यानंतरचा फोटो, फ्लॅट क्रमांक लिहिलेले बिल आणि बदललेला जुना भाग. पैसे शक्यतो मालकिणीने थेट कारागिराच्या खात्यात भरावेत आणि एजंटला त्याच्या फेरीचा ठरलेला मोबदला वेगळा द्यावा. मोबदला बिलाच्या टक्केवारीत ठेवला, तर मोठे बिल एजंटच्या फायद्याचे ठरते. वेगळा मोबदला मिळाला की बिल फुगवण्याचे कारण उरत नाही.

भाडेही तसेच थेट मालकिणीच्या खात्यात यावे. करार संपण्याच्या दोन महिने आधी एजंटने मुदतवाढ हवी का ते भाडेकरूला विचारून कळवावे, कारण मुदत संपूनही तो राहिला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि रिकामे होईपर्यंत दुप्पट रक्कम मागता येते. घर सोडताना चावी देण्याघेण्याच्या दिवशीचे वीज मीटरचे वाचन, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि डिपॉझिटचा हिशेब एकाच ईमेलमध्ये यावा. नवा भाडेकरू शोधायला घेण्यापूर्वी भाड्याची खालची मर्यादा आणि खर्चाचे आकडे बदलून पत्र पुन्हा पाठवावे, आणि एजंटकडून ‘वाचले, मान्य’ असे लेखी उत्तर घ्यावे.